धागा : अडीचचा कंडेन्सर नेमका कधी मागवायचा? (छोट्या दुकानाचा रिऑर्डर पॉइंट आणि सेफ्टी स्टॉक)

दुकानवाली_फलटण

नमस्कार मंडळी. फलटणला आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं, आता गेली चार वर्षं मी बघते. माल पुण्याहून तपकीर गल्लीतल्या होलसेलरकडून येतो. सेल्समन दर मंगळवारी येतो, यादी घेतो, माल साधारण पुढच्या मंगळवारपर्यंत दुकानात. रॅकवर किती राहिले की मागवायचं हे सासरे डोळ्यांनी ठरवायचे. मी प्रत्येक डब्यावर आकडा लिहून ठेवलाय, पंख्याच्या अडीचच्या कंडेन्सरवर लिहिलंय ५. पाच उरले की यादीत टाकायचा.

आणि तोच सारखा संपतो. ४५ रुपयांची वस्तू, पण ज्याचा पंखा बंद पडलाय तो थांबत नाही, समोरच्या दुकानात जातो आणि जाताना रेग्युलेटर, होल्डरही तिथूनच घेतो. उलट ९ वॅटच्या बल्बने माळा भरलाय. विक्रीचा अंदाजच लागत नाही हो, एक आठवडा शून्य तर एक आठवडा पंधरा.

ऑगस्टपासून गेल्या आठवड्यापर्यंत २४ आठवड्यांची विक्री वहीतून काढली, ती अशी :

३, ०, ५, २, १२, १, ४, ०, ३, ६, २, १५, १, ३, ०, ४, ७, २, ३, १०, ५, १, २, ५

एकूण ९६, म्हणजे आठवड्याला सरासरी ४. मग ५ चा आकडा का पुरत नाही? आणि जास्तीचा माल किती ठेवायचा हे ठरवायची काही पद्धत आहे का?

जुना_गल्ला

ताई, तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवतोय, सांगली जिल्ह्यात. आमचा नियम सरळ आहे. कुठलीही वस्तू असो, येणाऱ्या मालाची वाट बघायला लागणारे दिवस अधिक दोन आठवड्यांची विक्री जास्तीची. सगळ्या डब्यांना एकच नियम. डोक्याला ताप नाही, पोराला पण समजतं. तुमचे कंडेन्सर ४ चे ८ जास्तीचे ठेवा, विषय संपला.

रात्रपाळी

कुठलं बिलिंग सॉफ्टवेअर वापरता? त्यात लो स्टॉकचा अलर्ट असतो, तो ऑन करा.

दुकानवाली_फलटण

@रात्रपाळी अहो अलर्ट आहे, पण तो किती नगांवर वाजवायचा तो आकडा मलाच टाकावा लागतो ना, तोच तर विचारतेय.

वहीतला_गणिती

ताई, तुम्ही २४ आठवडे मांडून दिलेत त्यामुळे बोलायला काहीतरी आहे. मी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं प्लॅनिंग बरीच वर्षं केलंय, तिथेही हेच दुखणं, महिनाभर गिऱ्हाईक नाही आणि एका दिवशी सहा.

आधी ५ का पुरत नाही ते बघू. समजा मंगळवारी सेल्समन आला तेव्हा डब्यात ६ आहेत. ५ च्या वर आहेत म्हणून तुम्ही मागवलं नाही. पुढची संधी पुढच्या मंगळवारी, आणि तेव्हा मागवलेला माल येणार त्याच्या पुढच्या मंगळवारी. म्हणजे त्या ६ नगांवर तुम्हाला दोन आठवडे काढायचेत. दोन आठवड्यांची नुसती सरासरीच ८ आहे. तुम्ही माल यायला लागणारा एक आठवडा धरलात, सेल्समनची वाट बघण्याचा एक आठवडा धरलाच नाहीत. बहुतेक दुकानांत चूक इथेच होते.

आता जास्तीचे किती. एका आठवड्यातला चढउतार तुमच्या आकड्यांवरून ३.८ येतो (कॅल्क्युलेटरवाले स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात ते). दोन आठवड्यांचा चढउतार दुप्पट होत नाही कारण एक आठवडा चढला तर पुष्कळदा दुसरा उतरतो, तो १.४१ पट होतो, म्हणजे ५.४ च्या आसपास. वीसपैकी एकोणीस वेळा पुरावं असं म्हणाल तर त्याला १.६५ ने गुणा, ९ आले. सरासरीचे ८ आणि हे ९ मिळून १७.

म्हणजे डब्यावर ५ च्या जागी १७.

दुकानवाली_फलटण

बाप रे १७! मी तर १० म्हणेल कोणीतरी असं धरून चालले होते.

जुना_गल्ला

बघा, मी ८ म्हणालो, गणिती ९ म्हणतायत. एवढा खटाटोप करून एका नगाचा फरक. माझा नियम बरोबरच आहे की.

वहीतला_गणिती

@जुना_गल्ला काका, कंडेन्सरला जुळला, मान्य. पण तोच नियम ताईंच्या बल्बला लावून बघा. ताई, ९ वॅटचा बल्ब आठवड्याला किती जातो आणि कमीजास्त किती होतो?

दुकानवाली_फलटण

साधारण ६०. कमीत कमी ५२, जास्तीत जास्त ६८ गेलेत. बल्बचं तसं ठरलेलं असतं.

वहीतला_गणिती

बघा आता. काकांच्या नियमाने जास्तीचे १२०. पण या बल्बचा चढउतार आठवड्याला फार तर ५ चा, दोन आठवड्यांचा ७, त्याला १.६५ ने गुणलं की १२. बारा बल्ब जास्तीचे पुरतात तिथे एकशेवीस पडून राहतात. माळा त्यानेच भरलाय. जास्तीचा माल वस्तू किती खपते त्यावर नाही, तिचा खप किती उड्या मारतो त्यावर ठरवायचा. सगळ्या डब्यांना एकच "इतक्या दिवसांचा" नियम लावला की एकसारख्या खपणाऱ्या वस्तूंचा ढीग होतो आणि उड्या मारणाऱ्या वस्तू संपतात. ताईंच्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत.

जुना_गल्ला

हं. आमच्या माळ्यावर साडेतीनशे किलो खिळे आहेत. दीड इंची. विचार करायला लावलंत.

साबुदाणा_वडा

आमचं किराणा आहे पंढरपूर रोडला. आमच्याकडे आषाढीच्या आधी साबुदाणा, शेंगदाणा, भगर असं काही उडतं की विचारू नका, चार दिवसांत महिन्याचा माल जातो. त्याला सेफ्टी स्टॉक कसा काढायचा? सरासरीत तर तो बसतच नाही.

वहीतला_गणिती

@साबुदाणा_वडा दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. आषाढी कधी आहे ते कालनिर्णयात छापलेलं असतं. त्यात अनिश्चित काही नाही, फक्त जास्त आहे. ते चार दिवस वहीतून बाजूला काढा, गेल्या दोन-तीन आषाढीला किती गेला तो आकडा घेऊन वेगळी ऑर्डर द्या, आणि उरलेल्या वर्षाचा चढउतार त्या चार दिवसांशिवाय मोजा. ते आत ठेवलेत तर चढउतार फुगतो आणि श्रावण सोडून वर्षभर साबुदाणा घेऊन बसाल.

साबुदाणा_वडा

श्रावणातही जातोच म्हणा 🙂 पण कळलं.

मोजपट्टी

माझी एक शंका आहे, गणितींच्या फॉर्म्युल्यावरच. हा १.६५ वगैरे घंटेच्या आकाराचा आलेख धरून येतो ना? ताईंचे आकडे बघा, निम्म्याहून जास्त आठवडे ३ किंवा त्याहून कमी, आणि मधेच १२, १५, १०. हा आलेख घंटेसारखा कुठून असणार? खाली शून्याच्या आत जायला जागा नाही आणि वर लांब शेपूट. माझ्या मते इथे फॉर्म्युला वापरूच नये, वहीलाच विचारावं.

शीटमध्ये बी कॉलममध्ये २४ आठवडे टाका, सी मध्ये लागोपाठच्या दोन-दोन आठवड्यांची बेरीज घ्या, आणि मग त्या बेरजांमधला ९५ टक्क्यांवरचा आकडा काढा.

```
C3:  =SUM(B2:B3)      (खाली C25 पर्यंत ओढा)
E1:  =PERCENTILE(C3:C25,0.95)
```

मी करून बघितलं. दोन आठवड्यांच्या अशा २३ जोड्या होतात, सगळ्यात मोठी बेरीज १७, त्याखाली १६, मग १५, १४. ई-वन मध्ये १५.९ येतं, म्हणजे १६ धरा.

वहीतला_गणिती

@मोजपट्टी अगदी बरोबर, आणि माझ्यापेक्षा चांगली पद्धत. ट्रॅक्टरच्या पार्टला आम्हीही शेवटी हेच करायला लागलो होतो. इथे दोन्ही आकडे जवळ आले हा योगायोग समजा. वस्तू महिन्यात एकदा-दोनदाच जात असेल तर फॉर्म्युला वाटेल ते सांगतो. फक्त एक, २३ जोड्या म्हणजे फार नाहीत, आणि त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत, १५ चा एकच आठवडा दोन जोड्यांत मोजला जातो. तो एक आठवडा वहीत नसता तर उत्तर १५ च्या खाली आलं असतं. त्यामुळे १६ म्हणजे अगदी १६ असं नाही, पंधरा ते अठरा असं काहीतरी.

औषधवाला_कराड

मेडिकलवाला आहे. आमच्याकडे एक्सपायरी असते म्हणून १७ ठेवा म्हणणं सोपं नाही, जास्त ठेवलं की परत करण्याच्या तारखा सांभाळा. ताई तुमचं बरं आहे, कंडेन्सरला एक्सपायरी नाही. पण मला विचारायचंय ते वेगळं, ते तीन शून्यांचे आठवडे खरंच शून्य होते का? की डबाच रिकामा होता?

कारण आमच्याकडे एक सिरप "चालत नाही" म्हणून मी मागवणं बंद करणार होतो. मग लक्षात आलं की पाच आठवडे ते दुकानातच नव्हतं, तर विकलं कुठून जाणार. वहीत विक्री लिहिलेली असते, मागणी लिहिलेली नसते.

दुकानवाली_फलटण

@औषधवाला_कराड दादा, तुमची पोस्ट वाचून खरेदीची बिलं काढून बसले. दुसऱ्या आणि आठव्या आठवड्यात माल होता, गिऱ्हाईकच नव्हतं. पण पंधराव्या आठवड्यात... बाराव्यात १५ गेले, तेराव्यात १, चौदाव्यात ३, आणि त्या तीनमधला शेवटचा गेल्यावर डबा रिकामा. पूर्ण आठवडा माल नव्हता. तेराव्याचा १ पण संशयास्पद आहे, तेव्हा डब्यात चारच होते.

म्हणजे सरासरी ४ पण खरी नाही!

औषधवाला_कराड

तो आठवडा मोजायचाच नाही. ९६ ला २३ ने भागा, ४.२ च्या जवळ येईल. फरक थोडा वाटतो, पण वर्षात चार-पाच वेळा डबा रिकामा असेल तर हळूहळू असं होतं की माल संपला म्हणून विक्री कमी दिसते, विक्री कमी दिसते म्हणून आकडा खाली आणता, आकडा खाली आला म्हणून पुन्हा संपतो.

आम्ही काउंटरखाली एक चाळीस पानी ठेवलीय. पोरं तिला "नाही-वही" म्हणतात. गिऱ्हाईकाला "नाही" म्हटलं की वस्तूचं नाव आणि एक रेघ. बाकी काही लिहायचं नाही, तारीखसुद्धा पानाच्या वर एकदाच. जास्त लिहायला सांगितलं की पोरं लिहीत नाहीत.

दुकानवाली_फलटण

हे आजपासून.

पाना_पक्कड

मी स्वतः वायरमन आहे त्यामुळे काउंटरच्या या बाजूने सांगतो. ताई तुमचे १२, १५ आणि १० चे आठवडे बघून सांगतो, ते गिऱ्हाईक नाही, तो माझ्यासारखा कोणीतरी आहे. एखाद्या वसतिगृहाचं, मंगल कार्यालयाचं काम निघालं की सगळे पंखे एकदम उतरवतात आणि आम्ही दहा-दहा कंडेन्सर उचलतो. बिलं बघा.

दुकानवाली_फलटण

@पाना_पक्कड दादा, शंभर टक्के बरोबर! बिलं बघितली. १२ मधले १० एकाच वायरमनने नेले, १५ मधले १२ त्याचेच, आणि १० मधले ८ दुसऱ्या एकाचे. तिन्ही वेळा मंगल कार्यालय किंवा शाळा.

मोजपट्टी

मग चित्रच बदललं. ते ३० नग बाजूला काढून तोच हिशोब परत केला. सुटी गिऱ्हाईकं आठवड्याला पावणेतीन, आणि दोन आठवड्यांच्या २३ जोड्यांत सगळ्यात मोठी बेरीज ११, त्याखाली सगळ्या ९ किंवा कमी. म्हणजे सुट्या गिऱ्हाईकासाठी १० चा आकडा भरपूर झाला. वायरमन लोकांना सांगायचं की मोठं काम असेल तर दोन दिवस आधी फोन करा. १७ ची गरजच नाही.

पाना_पक्कड

नाही हो मोजपट्टी साहेब. मंगल कार्यालयवाल्याचा मला सकाळी फोन येतो की परवा लग्न आहे. मी दोन दिवस आधी कोणाला फोन करणार? मी आधी ज्या दुकानात दहा मिळतील तिथे जातो, आणि दोनदा मिळाले नाहीत की तिसऱ्यांदा त्या दुकानाकडे बघतसुद्धा नाही. वायर, एमसीबी, पट्ट्या सगळं मग दुसरीकडून. ताईंकडे तो तीनदा... सॉरी, दोनदा आला आणि त्याला मिळालं, म्हणून तो टिकलाय.

वहीतला_गणिती

दोघांचंही घ्या. दोन वेगळ्या मागण्या आहेत, त्यांना एका सरासरीत कोंबू नका. सुट्या विक्रीचा डबा, त्याचा आकडा १०. आणि बाजूला दहाचं एक न फोडलेलं पाकीट, त्यावर मार्करने "वायरमन" लिहा. सुटा डबा संपला तरी ते फोडायचं नाही, फोडायची वेळ आलीच तर त्याच दिवशी यादीत टाकायचं. एकूण २० झाले, १७ पेक्षा जास्तच, पण आता कुठला नग कशासाठी आहे ते कळतं.

मोजपट्टी

मला हे पटत नाही. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि पाकीट रॅकवर आहे तरी "नाही" म्हणायचं? एकत्र ठेवलेला माल दोन्हीकडे कामाला येतो, वेगळा ठेवला की दोन्हीकडे जास्त लागतो. हेही गणितच आहे.

वहीतला_गणिती

बरोबर आहे, एकत्र ठेवलं तर कमी पुरतं. पण एकत्र ठेवलं की डबा कधी ३ वर येतो आणि नेमका तेव्हा वायरमन येतो. ४५ रुपयांच्या वस्तूला मी वेगळंच ठेवेन. महाग वस्तूला नाही.

कोकणकडा

महाग वस्तूचं बोलताय म्हणून विचारतो, हाच हिशोब सबमर्सिबल पंपाला लावायचा का? माझा रत्नागिरीला पंपाचा धंदा आहे. ९,००० चा पंप, महिन्याला दोन-तीन जातात, तेही एकदम. वीसपैकी एकोणीस वेळा पुरायचं म्हटलं तर गोडाऊनमध्ये लाखभर अडकतील.

वहीतला_गणिती

वीसपैकी एकोणीस हा आकडा देवाने दिलेला नाही, तो वस्तूप्रमाणे बदलायचा. आपल्या पैशाला वर्षाला १८ टक्के धरू. ताईंचे जास्तीचे ९ कंडेन्सर म्हणजे ४०५ रुपये, त्यावर वर्षाचं व्याज ७३ रुपये. एका कंडेन्सरमागे १५ रुपये सुटत असतील तर वर्षभरात पाच गिऱ्हाईकं परत गेली नाहीत तरी ते वसूल, त्यांनी सोबत घेतलेला रेग्युलेटर तर मी धरलाच नाही. तिथे ९८-९९ टक्के धरलं तरी चालेल.

तुमचा एक जास्तीचा पंप वर्षाला १,६२० रुपये व्याज खातो. आणि मुख्य म्हणजे पंपाचं गिऱ्हाईक एक दिवस थांबतं का?

कोकणकडा

थांबतं, बोअरवेलवाला यायलाच एक दिवस जातो. डीलरकडून दुसऱ्या दिवशी गाडीने येतो माल.

वहीतला_गणिती

मग सगळ्यात जास्त जाणारं एक मॉडेल, एक नग शोला आणि एक आत. बाकी डीलरचं गोडाऊन हाच तुमचा सेफ्टी स्टॉक. त्याच्याकडे नग आहे का तेवढं सकाळी विचारत चला.

पिंपळपान

सगळे चढउताराच्या मागे लागलेत, पण माल उशिरा येतो त्याचं काय? आमच्याकडे स्टेशनरी येते, ट्रान्सपोर्टवाला कधी चार दिवस, कधी बारा. मी तर सरळ सगळ्यात मोठा उशीर धरते.

दुकानवाली_फलटण

@पिंपळपान ताई, मी शेवटच्या १४ ऑर्डरी तपासल्या. ११ आठवड्याच्या आत आल्या, ३ ना बारा ते चौदा दिवस लागले, त्यातली एक दिवाळीत. म्हणजे उशीर होतो, पण नेहमी नाही.

मोजपट्टी

मूळच्या आकड्यांवर तीन-तीन आठवड्यांच्या बेरजा काढल्या. २२ होतात, ९५ टक्क्यांवरचा आकडा १९. दोन आठवड्यांना १६ होता. म्हणजे दरवेळी उशीर होणार असं धरलं तरी तीनच नग वाढतात, १३५ रुपये. कंडेन्सरला धरून टाका. वायरच्या बंडलांना धरू नका, तिथे तीन बंडलं म्हणजे बरेच पैसे, आणि तांब्याचा भाव खाली आला की आणखी दुखतं.

रात्रपाळी

सेल्समनची वाटच कशाला बघायची? व्हॉट्सॲपवर टाकायची ऑर्डर, ज्या दिवशी आकडा गाठला त्या दिवशी. मग दोन आठवडे धरायलाच नकोत.

मोजपट्टी

@रात्रपाळी हा मुद्दा भारी आहे. मग फक्त माल यायचा एक आठवडा उरतो. एका आठवड्याच्या आकड्यांवर ९५ टक्के काढलं तर ११.७ येतं. १६ चे १२ झाले, काहीही न करता.

दुकानवाली_फलटण

विचारलं होतं होलसेलरला. तो द्यायला तयार आहे, पण ट्रान्सपोर्टवाला पार्सलमागे किमान भाडं घेतो, ते दहा कंडेन्सरवर टाकलं तर नफाच उरत नाही. म्हणून सगळं मंगळवारच्या यादीत. पण खूप महत्त्वाची वस्तू संपत आली आणि सोबत अजून पाच-सहा वस्तू असतील तर मधेच एक पार्सल मागवायला हरकत नाही, हे डोक्यात आलं नव्हतं.

जुना_गल्ला

एक गोष्ट राहतेय, ती माझ्या पोराने केलेली चूक आहे म्हणून सांगतो. डब्यात ७ होते, आकडा १२ चा, त्याने २० मागवले. माल यायच्या आत पुढच्या मंगळवारी डबा बघितला, ४ होते, आकड्याच्या खालीच, परत २० मागवले. दोन्ही पार्सलं एका आठवड्यात आली. डब्यातलं आणि वाटेवरचं मिळून मोजायचं. आता आम्ही ऑर्डर दिली की डब्याला पिवळा रबर लावतो, माल आला की काढतो.

वहीतला_गणिती

काका, हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. आकडा गाठला की नाही हे रॅकवरच्या मालाने नाही, रॅकवरचा अधिक वाटेवरचा या बेरजेने ठरवायचं. पिवळा रबर छान आहे.

दुकानवाली_फलटण

(तीन आठवड्यांनी परत आले.)

नाही-वही सुरू केली. पहिल्या बारा दिवसांत ९ रेघा. त्यातल्या कंडेन्सरच्या फक्त २. पण ४ रेघा एकाच वस्तूच्या होत्या, पंख्याची नायलॉनची बुशिंग, जी मी कधी ठेवतच नव्हते कारण वहीत तिची विक्रीच नव्हती! २० मागवल्यात.

कंडेन्सरचा सुटा डबा १२ वर ठेवला (उशीर धरून), वायरमनचं पाकीट वेगळं. मोजपट्टी दादा, तुमचं पटलेलं असूनही पाकीट वेगळंच ठेवलंय, बघते सहा महिने. बल्बची ऑर्डर दोन मंगळवार दिलीच नाही, माळ्यावर पाय ठेवायला जागा झाली.

मग सहज गेल्या वर्षीचं एप्रिल-मेचं पान उघडलं आणि घाबरले. आठ आठवडे असे : ९, १४, ६, ११, ८, १७, ७, १२.

मोजपट्टी

सरासरी साडेदहा. दोन-दोनच्या सात जोड्या : २३, २०, १७, १९, २५, २४, १९. थंडीतला १७ चा आकडा ठेवला असता तर सातपैकी सहा वेळा कमी पडला असता, सातव्या वेळी काठावर. ऑगस्ट ते जानेवारीच्या वहीला उन्हाळा माहीतच नाही.

वहीतला_गणिती

होळीच्या आधी पंधरा दिवस डब्यावरचा आकडा बदलायचा, सुट्या डब्याला २४-२५ धरा. आणि जास्त महत्त्वाचं, मे संपता संपता तो परत खाली आणायचा. वर न्यायचं सगळ्यांना आठवतं, खाली आणायचं कोणाला आठवत नाही, मग पाऊस लागल्यावर पन्नास कंडेन्सर उरतात. कालनिर्णयावर आत्ताच दोन तारखांना गोल करा.

पाना_पक्कड

ताई अजून एक ध्यानात ठेवा. नवीन बीएलडीसी पंखे येतायत, त्यात हा कंडेन्सर नसतोच, आत सर्किट असतं. जुने पंखे पुष्कळ आहेत त्यामुळे एकदम थांबणार नाही, पण दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वहीवर आकडा काढू नका. आणि त्या पंख्यांचे रिमोट हरवतात, लोक विचारायला येतात.

दुकानवाली_फलटण

रिमोटच्या नाही-वहीत ३ रेघा आहेत, पण प्रत्येक कंपनीचा वेगळा. याची तर वहीच नाही, मग आकडा काढायचा कसा?

औषधवाला_कराड

नवीन औषध आलं की आम्ही दोन ठेवतो, आणि पहिलं गेलं की लगेच मागवतो. दोन महिने हा हट्ट धरायचा. तोवर रेघा जमतात.

मोजपट्टी

चार कंपन्या म्हणजे आठ रिमोट, त्यातले सहा पडून राहणार. कुठली कंपनी ते पण रेघेसमोर लिहायला लावा पोरांना, मग ठरवा.

दुकानवाली_फलटण

आज एकजण आला, त्याला कंपनी विचारली तर म्हणाला "पांढरा पंखा आहे". 🙂 फोटो पाठवतो म्हणालाय.